पीपीटीसोबत शिक्षकांना द्यायची कव्हर नोट: काय कापलं आणि का, हे कसं सांगायचं?

कॉलेजच्या प्रकल्पाचा अहवाल 24 पानांचा असतो आणि सादरीकरणाला मिळतात 8 मिनिटं. मग 24 पानांच्या 10 स्लाइड होतात. या प्रवासात बरंच काही गळतं, काही गोष्टी एकमेकींत मिसळतात, काही वाक्यं अर्धी होतात. शिक्षकांसमोर फक्त स्लाइड येतात. एखादा मुद्दा विद्यार्थ्यांनी वाचलाच नाही, वाचूनही त्यांना कळला नाही, की विचार करून बाजूला ठेवला, हे त्यावरून ओळखता येत नाही.

हा फरक दाखवण्यासाठी पीपीटीसोबत एक पानाचं टिपण जोडतात. त्यालाच कव्हर नोट म्हणतात. त्यात नेमकं काय लिहायचं, काय लिहून उपयोग नाही आणि कोणती गोष्ट टिपणात न ठेवता स्लाइडवरच परत आणायला हवी, हे कोयनेच्या भूकंपावरील प्रकल्पाचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

कव्हर नोटमध्ये काय असतं?

कव्हर नोट म्हणजे प्रकल्पाचा सारांश नाही. सारांश स्लाइडवर असतोच. कव्हर नोट सांगते ती मूळ मजकूर आणि स्लाइड यांच्यामधल्या फरकाबद्दल. प्रत्येक मोठ्या बदलासाठी तिच्यात तीन गोष्टी लागतात: मूळ अहवालात काय होतं, स्लाइडवर त्याचं काय झालं आणि असं का केलं.

'वेळेअभावी काही भाग वगळला आहे' या वाक्यात यातली एकही गोष्ट नीट येत नाही. कोणता भाग, हे कळत नाही. वेळ कमी होता हे खरं असलं, तरी नेमका तोच भाग का वगळला, याचं उत्तर मिळत नाही. दहा मुद्द्यांपैकी सहा ठेवताना काहीतरी निकष वापरलेला असतो. शिक्षकांना तो निकष पाहायचा असतो.

कापताना अर्थ कसा बदलतो?

याचं गाजलेलं उदाहरण कॉलेजमधलं नाही, अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतलं आहे. 16 जानेवारी 2003 रोजी 'कोलंबिया' हे यान उडालं. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अजून अंतराळात असताना अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज काढला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइडवर मांडला.

त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटत होतं, की चाचण्यांच्या आकडेवारीनुसार काळजीचं फारसं कारण नाही. त्याच स्लाइडच्या तळाशी, उपमुद्द्याच्या खालच्या उपमुद्द्यात मात्र वेगळीच माहिती होती. चाचणीत वापरलेला तुकडा 3 घनइंचांचा होता आणि यानाला लागलेल्या तुकड्याचा अंदाज 1920 घनइंचांचा होता. म्हणजे 640 पट. इतक्या मोठ्या तुकड्याला जुन्या चाचण्या लागू पडतात का, हा खरा प्रश्न होता, पण तो शीर्षकात आला नाही.

1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले. अपघात एका स्लाइडमुळे झाला, असं चौकशी मंडळाने म्हटलेलं नाही. मात्र ही स्लाइड वाचून वरिष्ठांना धोक्याची तीव्रता कळली नसेल, हे समजण्यासारखं आहे, असं अहवालात नोंदवलं गेलं. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचं केलेलं विश्लेषणही त्या अहवालात आहे.

या स्लाइडवर खोटं काहीच नव्हतं. निष्कर्ष वर राहिला आणि तो कधी लागू पडतो ही अट खाली गेली. विद्यार्थ्यांच्या पीपीटीतही बहुतेक वेळा हेच होतं.

उदाहरण: कोयनेच्या भूकंपावरचा प्रकल्प

समजा, पर्यावरणशास्त्राच्या एका गटाने कोयनेच्या भूकंपावर प्रकल्प केला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याआधी काही वर्षं, म्हणजे 1962 पासून, धरणात पाणी साठू लागलं होतं आणि तेव्हापासूनच परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. जलाशयाचा भूकंपाशी काय संबंध, हा प्रश्न त्यामुळे जगभरात अभ्यासला गेला. या 24 पानांच्या 10 स्लाइड करताना गटाला चार प्रकारचे बदल करावे लागले.

पहिला प्रकार: गाळणं. अहवालात 1993 च्या किल्लारीच्या भूकंपावर दोन पानं होती. ती पूर्ण काढली. प्रकल्पाचा प्रश्न 'जलाशय आणि भूकंप' एवढाच होता आणि किल्लारीच्या कारणांची चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. हे गाळणं सुरक्षित आहे, कारण किल्लारी काढल्याने कोयनेबद्दलचं एकही विधान बदलत नाही. टिपणात यासाठी एक ओळ पुरते.

दुसरा प्रकार: एकत्र करणं. अहवालात कोयना आणि वारणा या दोन जलाशयांच्या परिसरातले धक्के वेगवेगळ्या तक्त्यांत होते. स्लाइडवर जागा नव्हती म्हणून '1962 पासून कोयना परिसरातील धक्के' असा एकच आलेख झाला. हा बदल साधा वाटतो, पण तो धोक्याचा आहे. कोयनेच्या दक्षिणेला असलेल्या वारणा जलाशयात 1985 पासून पाणी साठू लागलं आणि त्यानंतर, विशेषतः 1993 च्या सुमारास, वारणेच्या बाजूला हालचाल वाढली. एकच आलेख पाहणाऱ्याला ही सगळी वाढ कोयनेच्या पाण्याने झाली असं वाटेल. आलेखावर 1985 पाशी एक उभी रेघ आणि 'वारणा' एवढा शब्द टाकला, तरी हा घोटाळा टळतो.

तिसरा प्रकार: आकडा सोपा करणं. 1967 च्या भूकंपाची तीव्रता अनेक शास्त्रीय लेखांत 6.3 दिली जाते, तर धरण अभियांत्रिकीच्या लेखनात 6.5 हा आकडाही दिसतो. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने असा फरक पडतो. गटाने स्लाइडवर 6.3 ठेवला. 0.2 चा फरक किरकोळ दिसतो, पण भूकंपाची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. त्या हिशेबाने 0.2 वाढल्यावर ऊर्जा जवळपास दुप्पट होते. त्यामुळे 'आम्ही 6.3 घेतला, कारण स्लाइड 6 वरच्या तुलनेतले इतर आकडेही त्याच लेखातले आहेत' हे कारण टिपणात यायला हवं. मृतांचा आकडाही काही ठिकाणी 177, तर काही ठिकाणी सुमारे 200 असा मिळतो. इथे एक आकडा निवडण्यापेक्षा स्लाइडवरच '177 ते सुमारे 200' असं लिहिणं सोपं आणि खरं आहे. त्याला जागाही फारशी लागत नाही.

चौथा प्रकार: वाक्य छोटं करणं. यातच सगळ्यात जास्त चुका होतात. अहवालात एक पूर्ण परिच्छेद होता. त्याचा आशय असा: या भागातल्या खडकांमध्ये भूगर्भीय हालचालींचा ताण आधीच साठलेला होता. जलाशयाच्या पाण्याचं वजन आणि भेगांमधून खोलवर पोचणारा पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेली भेग सरकायला चालना मिळाली. स्लाइडवर या परिच्छेदाचं वाक्य झालं: 'कोयना धरणामुळे 1967 चा भूकंप झाला.'

ही दोन विधानं एक नाहीत. भूवैज्ञानिक 'जलाशयाने चालना दिलेला भूकंप' असा शब्दप्रयोग काळजीपूर्वक करतात, कारण भूकंपातली ऊर्जा जमिनीतच साठलेली असते. पाण्याने ती तयार केली नाही, बाहेर पडायला निमित्त दिलं. वरचं छोटं वाक्य खरं मानलं, तर प्रत्येक मोठ्या धरणाखाली असा भूकंप व्हायला हवा. तसं होत नाही. जलाशयाशी जोडलेले 6 पेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप जगात मोजकेच आहेत. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आपलं कोयना ही त्यातली नेहमी सांगितली जाणारी नावं. 'आधीच साठलेला ताण' हे शब्द कापल्यामुळे, इतर धरणांखाली असं का होत नाही, याचं उत्तरच स्लाइडवरून गेलं.

टिपणात लिहायचं की स्लाइडवर परत आणायचं?

अनेक विद्यार्थी इथे एक पळवाट काढतात. स्लाइडवर 'धरणामुळे भूकंप झाला' तसंच ठेवतात आणि कव्हर नोटमध्ये 'प्रत्यक्षात हे अधिक गुंतागुंतीचं आहे' असं लिहितात. हे चालत नाही. टिपण फक्त शिक्षक वाचतात, स्लाइड सगळा वर्ग पाहतो. पुढे ती पीपीटी ग्रुपवर फिरते तेव्हा टिपण तिच्यासोबत जात नाही.

म्हणून प्रत्येक बदलाला एक प्रश्न विचारायचा: हा कापलेला भाग माहीत नसलेला माणूस स्लाइड वाचून चुकीचं विधान करेल का? उत्तर 'नाही, फक्त कमी माहिती मिळेल' असं असेल, तर तो भाग टिपणात नोंदवून पुढे जायचं. उत्तर 'हो' असेल, तर स्लाइड बदलायची. टिपणात मग दुरुस्ती लिहायची नसते, स्लाइडवरची शब्दयोजना अशी का ठेवली, तेवढं सांगायचं असतं.

या कसोटीवर किल्लारी टिपणात जाते. वारणेचं नाव आलेखावर परत येतं. आणि ते वाक्य असं होतं: 'जमिनीत आधीच साठलेला ताण + जलाशयाचं पाणी = भूकंपाला चालना.' दोन-तीन शब्द वाढले, पण अर्थ शाबूत राहिला.

पूर्ण टिपण कसं दिसेल?

वरच्या उदाहरणातल्या गटाने ही दुरुस्ती केल्यावर लिहिलेलं टिपण साधारण असं असेल:

> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> 'कोयना: जलाशय आणि भूकंप' या प्रकल्पाची 10 स्लाइडची पीपीटी सोबत जोडत आहोत. मूळ अहवाल 24 पानांचा आहे. 'जलाशयाच्या पाण्याचा 1967 च्या भूकंपाशी काय संबंध होता?' या प्रश्नाच्या उत्तराला ज्याची गरज आहे तेवढंच ठेवायचं, असा निकष आम्ही लावला. त्यानुसार पुढील बदल केले आहेत.
>
> गाळलेला भाग: किल्लारी भूकंप (पान 19-20). तो स्वतंत्र विषय आहे आणि वरील प्रश्नाच्या उत्तराला त्याची गरज नाही. धरणाला पडलेल्या भेगा आणि नंतरचं मजबुतीकरण (पान 15-17) हे स्लाइड 8 वर दोन ओळींत आणलं आहे, कारण तो परिणामांचा भाग आहे, कारणांचा नाही.
>
> एकत्र केलेला भाग: कोयना आणि वारणा यांचे दोन तक्ते (पान 10 व 12) स्लाइड 7 वर एका आलेखात आहेत. वारणेत पाणी साठू लागलं ते 1985 हे वर्ष आलेखावर वेगळं दाखवलं आहे. कोणता धक्का कोणत्या जलाशयाजवळचा, हे मात्र आलेखावरून कळत नाही. त्यासाठी मूळ तक्ते पाहावे लागतील.
>
> आकडे: तीव्रता 6.3 घेतली आहे. काही ठिकाणी 6.5 आढळते. स्लाइड 6 वरच्या तुलनेतले बाकीचे आकडे 6.3 देणाऱ्या लेखातूनच घेतल्यामुळे तोच ठेवला. मृतांच्या संख्येबाबत एकमत न आढळल्याने '177 ते सुमारे 200' असं लिहिलं आहे.
>
> शब्द: स्लाइड 5 वर 'धरणामुळे भूकंप' असं न लिहिता 'भूकंपाला चालना' असं लिहिलं आहे. पान 8 वरच्या परिच्छेदाचा हा संक्षेप आहे. पाण्याचा दाब खडकात खोलवर कसा पोचतो, हे स्लाइडवर नाही. ते तोंडी सांगणार आहोत.
>
> स्लाइड 7 वरचा आलेख वाचायला सोपा झाला आहे का, याबद्दल आपलं मत हवं आहे.
>
> आपले विद्यार्थी,
> गट क्र. 4

या टिपणात बहुतेक बदलांपुढे पान क्रमांक, स्लाइड क्रमांक किंवा दोन्ही आहेत. शिक्षकांना 24 पानं पुन्हा चाळावी लागत नाहीत. एका ठिकाणी गटाने मर्यादाही सांगितली आहे: कोणता धक्का कुठला, हे आलेखावरून कळत नाही. व्हायवामध्ये प्रश्न कुठे येईल, हे शिक्षकांप्रमाणे गटालाही आधीच कळतं. शेवटच्या ओळीत विचारलेला प्रश्न नेमका आहे. 'काही सुधारणा असल्यास सुचवाव्यात' असं लिहिलं, तर शिक्षकांनी सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.

कोणतं कारण टिकतं, कोणतं नाही?

'कंटाळवाणं वाटत होतं', 'स्लाइड भरल्यासारखी दिसत होती', 'वेळ नव्हता' ही कारणं खोटी नसतात, पण ती कुठल्याही मुद्द्याला लावता येतात. टिकणारं कारण त्याच मुद्द्याला लागू पडतं. धरणाच्या भेगा परिणामात मोडतात आणि प्रश्न कारणांचा आहे, हे कारण फक्त त्या तीन पानांनाच लागू आहे.

'हा भाग आम्हाला नीट समजला नाही' हेही वैध कारण आहे. भेगांमधल्या पाण्याच्या दाबाचं गणित समजलं नसेल, तर अर्धवट समीकरण स्लाइडवर टाकण्यापेक्षा ते वगळून टिपणात तसं लिहिणं बरं. समीकरण स्लाइडवर असेल, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

संक्षेप बिघडलाय हे कसं ओळखायचं?

एक सोपी चाचणी आहे. प्रकल्प न वाचलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला एक स्लाइड अर्धा मिनिट दाखवायची, मग बंद करून विचारायचं, 'यातून तुला काय कळलं, एका वाक्यात सांग.' ते वाक्य लिहून घ्यायचं आणि मूळ अहवालातल्या परिच्छेदाशेजारी ठेवायचं. 'धरणं बांधली की भूकंप होतात' असं उत्तर आलं, तर स्लाइड 5 अजून दुरुस्त झालेली नाही, गटाला ती कितीही बरोबर वाटत असली तरी. स्वतः लिहिणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण परिच्छेद असतो, त्यामुळे गळलेला शब्द त्याला दिसत नाही.

दुसरी खूण शीर्षकात असते. स्लाइडचं शीर्षक आणि तिच्यावरची शेवटची ओळ एकापाठोपाठ वाचायची. शेवटची ओळ शीर्षकाला 'पण' म्हणत असेल, तर अट तळाशी गेली आहे. तिला वर आणायचं.

पाठवताना एक तांत्रिक अडचण

काही विद्यार्थी वेगळं टिपण न लिहिता ही सगळी माहिती स्लाइडखालच्या स्पीकर नोट्समध्ये टाकतात. पीपीटीची पीडीएफ केली की त्या नोट्स सहसा दिसत नाहीत, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त स्लाइड छापल्या जातात. पॉवरपॉइंटमध्ये पीडीएफ सेव्ह करताना `Options` मध्ये जाऊन `Publish what` खाली `Notes pages` निवडावं लागतं. गूगल स्लाइड्समध्ये `Print preview` उघडून `1 slide with notes` हा पर्याय घ्यावा लागतो.

तरीही स्पीकर नोट्स हा टिपणाला पर्याय नाही. त्या दहा स्लाइडखाली विखुरलेल्या असतात. कोणत्या निकषाने कापलं, हे त्यातून एका नजरेत कळत नाही. टिपण वेगळ्या पानावर, शक्यतो ईमेलच्या मजकुरातच द्यावं, म्हणजे पीपीटी उघडण्याआधी ते वाचलं जातं. लांबी एका पानापेक्षा जास्त होत असेल, तर त्यात स्लाइडवर परत जायला हवं असं काहीतरी राहिलं आहे का, हे एकदा पाहावं.